सही केलेला कोरा चेक: कर्जासाठी देण्याआधी, दिल्यानंतर आणि नोटीस आल्यावर

२०२४ ची चवथ होऊन तीन आठवडे झाले असतील. साखळीला आमच्या वाड्यावर पिकअप चालवणारा एक मुलगा आहे, तो संध्याकाळी एक जाड पाकीट घेऊन आला. रजिस्टर एडीने आलेली वकिलाची नोटीस, सोबत चेकची झेरॉक्स आणि बँकेचा रिटर्न मेमो. चेक त्याचा, सही त्याची. नाव, रक्कम आणि तारीख मात्र दुसऱ्याच निळ्या पेनने लिहिलेली. रक्कम होती २,४०,०००. "काका, हे अक्षर माझं नाहीच. मी फक्त सही करून दिली होती. मग केस कशी होणार?"

बँकेच्या काउंटरमागे माझी सत्तावीस वर्षं गेली. हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकलाय, आणि विचारणाऱ्याला बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून त्या मुलाचा हिशेब धरूनच सगळं सांगतो: चेक देताना काय मागायचं, हप्ते भरताना काय जपायचं, आणि पाकीट दारात आलंच तर कुठल्या दिवशी काय करायचं.

आधी त्याचा व्यवहार

डिसेंबर २०२३ मध्ये त्याने एका खाजगी माणसाकडून दोन लाख रुपये घेतले. दहा महिने, दर महिन्याला २४,००० चा हप्ता, म्हणजे एकूण परतफेड २,४०,०००. लेखी काहीच नाही. "तारण म्हणून" दोन चेक, दोन्ही कोरे, तळाला फक्त सही. जानेवारी ते जून असे सहा हप्ते त्याने यूपीआयने भरले, म्हणजे १,४४,०००. जुलैचा हप्ता हातात रोख दिला. पावसात गाडीचं इंजिन गेलं आणि ऑगस्ट, सप्टेंबर चुकले. १० सप्टेंबरची तारीख घालून, पूर्ण २,४०,००० लिहून समोरच्याने चेक बँकेत टाकला. खात्यात तीन-साडेतीन हजार होते. पुरेशी शिल्लक नाही म्हणून चेक परत गेला.

देणं खरं होतं, ते त्याने कधीच नाकारलं नाही. पण ते २,४०,००० नव्हतं. कोऱ्या चेकचा सर्वांत जास्त होणारा गैरवापर हाच: पूर्ण खोटं कर्ज नव्हे, तर फेडलेले पैसे विसरून मूळ आकडा पुन्हा लिहिणं.

"अक्षर माझं नाही" हे का चालत नाही

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, १८८१ चा. त्याच्या कलम १३८ खाली चेक न वठणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम १३९ प्रमाणे, सही तुमची असेल तर चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता असं कोर्ट गृहीत धरतं. ते गृहीतक खोडून काढायची जबाबदारी तुमच्यावर येते.

सही करून कोरा चेक स्वतःच्या हाताने दिला, तर उरलेल्या जागा भरायची मुभाही दिली असं मानलं जातं. सुप्रीम कोर्टाने हे २०१९ मध्ये स्पष्ट केलं, आणि २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं की बाकीचा मजकूर कोणी भरला यासाठी हस्ताक्षरतज्ज्ञाचा अहवाल आणून उपयोग नाही. "तो सिक्युरिटी चेक होता" एवढं म्हणूनही सुटका नाही. कर्जाची मुदत उलटली आणि पैसे बाकी राहिले, की तारण म्हणून दिलेला चेकही वठवता येतो.

या बाबतीत गोव्यातलंच एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. २५ सप्टेंबर २०२५ ला निकाल लागला. सहा लाखांचा उसनवारीचा व्यवहार होता. आरोपीचं म्हणणं असं की मित्राला बँकेकडून कर्ज मिळावं म्हणून आपण सही केलेला कोरा चेक दिला होता. खालच्या कोर्टांनी त्याला दोषी धरलं, हायकोर्टाने गोव्यात सोडलं, आणि सुप्रीम कोर्टाने पुन्हा दोषी ठरवलं. आरोपीने नोटिशीला उत्तरच दिलं नव्हतं, हा मुद्दाही त्याच्याविरुद्ध गेला. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख कर्ज देणं-घेणं आयकराच्या नियमात बसत नाही, पण तेवढ्यावरून ते कर्ज रद्द ठरत नाही. "रोखीत दिले होते ना, मग त्याला मागता येणार नाहीत" ही समजूत गावात फार पसरलेली आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

मग बचाव कशात आहे? कागदात. आणि तो कागद चेक देतानाच तयार व्हावा लागतो.

पायरी पहिली: चेक देणं टाळता येतं का ते बघा

हप्त्याचं कर्ज असेल आणि देणारी बँक, फायनान्स कंपनी किंवा क्रेडिट सोसायटी असेल, तर नॅच मँडेट, म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप कापायची लेखी परवानगी, किंवा खात्यावरची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन मागा. मँडेटमध्ये जास्तीत जास्त रक्कम आणि शेवटची तारीख छापलेली असते. मर्यादेच्या बाहेर कोणी ओढू शकत नाही. मँडेट परत गेलं तरी चेकसारखीच फौजदारी तक्रार होऊ शकते, ती सूट नाही. पण आकडा कोणाला मनाने भरता येत नाही, आणि आपल्याला तेच हवंय.

खाजगी माणूस व्याजाने पैसे देण्याचा धंदाच करत असेल, तर त्याचा परवाना मागा. गोव्यात २००१ चा सावकारी कायदा आहे आणि या धंद्याला परवाना लागतो. विचारताना संकोच वाटतो हे मला कळतं. गरज आपली असते. तरी विचारा. परवाना असलेला माणूस नंबर सांगतो. नसलेला रागावतो, आणि मग पुढची प्रत्येक पायरी दुप्पट काळजीने करावी लागेल हे तुम्हाला तिथेच कळतं.

पायरी दुसरी: द्यावाच लागला तर कोरा देऊ नका

समोरचा म्हणतो, "सही करा, बाकी आम्ही भरतो." तिथेच थांबा आणि स्वतःच्या पेनने चेक पूर्ण भरा. घेणाऱ्याचं पूर्ण नाव, बँक खात्यावर आहे तसंच. नावाच्या पुढची रिकामी जागा रेघ मारून बंद करा. छापलेले "ऑर बेअरर" हे शब्द खोडा आणि डाव्या कोपऱ्यात दोन रेघा ओढून "अकाउंट पेयी" लिहा. रक्कम अक्षरात आणि आकड्यात. अक्षरांनंतर लगेच "फक्त" लिहा आणि पुढे रेघ. २०१० पासूनच्या नव्या नमुन्याच्या चेकवर नाव किंवा रक्कम खाडाखोड करून बदललेली चालत नाही. तारीख सोडून दुरुस्ती असेल तर क्लिअरिंगमध्ये चेक परत येतो. त्यामुळे पूर्ण भरलेल्या चेकवर पुढे आकडा वाढवणं फार अवघड जातं.

आता मुख्य गोष्ट: पूर्ण रकमेचा एक चेक देऊ नका. हप्त्यांचे वेगवेगळे द्या. माझ्या शेजाऱ्याने दहा महिन्यांच्या तारखा घालून २४,००० चे दहा चेक दिले असते, तर जूनपर्यंतचे सहा तिथेच संपले असते. हप्ता यूपीआयने भरला तर त्या महिन्याचा चेक परत मागायचा. चेक बँकेत टाकूनच वसूल झाला तर तो आपोआप संपला. समोरच्याच्या हातात कधीही बाकीपेक्षा जास्त रकमेचा कागद राहत नाही. दहा पानं सही करायला पाच मिनिटं लागतात, पण सगळ्या बचावात ही पायरी मला सर्वांत भक्कम वाटते.

तारीख कोरी ठेवू नका, हेही यात येतं. चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने. तारीख घातलेला चेक चौथ्या महिन्यात निकामी होतो; तारीख नसलेला पाच वर्षांनीही कपाटातून निघून ताजा होऊ शकतो.

जामीनदारांनाही हे सगळं लागू आहे. क्रेडिट सोसायटीत दोन जामीनदारांकडून एकेक सही केलेला चेक घेण्याची पद्धत मी पाहिली आहे. "मी कर्ज घेतलंच नाही" म्हणून जामीनदाराचा चेक कलम १३८ मधून सुटत नाही. जामीन राहताना तुमच्या चेकवर रक्कम लिहिलेली आहे ना, आणि ती कर्जाच्या वर नाही ना, एवढं पाहूनच सही करा.

पायरी तिसरी: चेकसोबतचं पत्र

चेक हातात देताना एक साधं पत्र दोन प्रतींत करा. एक त्यांना, दुसऱ्यावर "मिळाले" म्हणून त्यांची सही आणि तारीख घेऊन तुमच्याकडे. मजकूर असा पुरतो:

> आपल्याकडून दि. … रोजी घेतलेल्या रु. २,००,००० च्या कर्जाच्या परतफेडीसाठी खालील चेक देत आहे. बँक व शाखा …, चेक क्र. … ते …, प्रत्येकी रु. २४,०००, तारखा … ते …. हे चेक फक्त या कर्जाच्या हप्त्यांसाठी आहेत. हप्ता अन्य मार्गाने भरल्यास त्या हप्त्याचा चेक परत करावा. चेक बँकेत टाकण्यापूर्वी सात दिवस लेखी कळवावे. कर्ज फिटल्यावर उरलेले सर्व चेक व 'बाकी नाही' असा दाखला द्यावा.

ही साधी भाषा आहे, पण कोर्टात हेच पान बोलतं. चेकचे नंबर त्यात नसतील तर पत्राचा निम्मा जोर जातो, कारण मग समोरचा म्हणतो की हा चेक त्या कर्जाचा नाहीच, दुसऱ्या व्यवहाराचा आहे.

सही द्यायला समोरचा तयार नसेल, तर पत्राचा आणि चेकचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच दिवशी त्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा: "आज तुम्हाला हे चेक दिले, या कारणासाठी." त्याने काही उत्तर दिलं नाही तरी तारखेचा पुरावा राहतो. शिवाय चेकबुकाच्या सुरुवातीला नोंदीचं पान असतं, त्यावर लिहा. आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांचं ते पान कोरं असायचं, आणि मग कुठला चेक कोणाला दिला हे आठवून सांगायची वेळ यायची.

मोठी बँक किंवा फायनान्स कंपनी स्वतःच्या छापील फॉर्मवर चेक घेते. तिथे तुमचं पत्र घेणार नाहीत कदाचित. पण चेकचे नंबर लिहिलेली पोच द्यायला सांगा, आणि "कोरा" असा कॉलम असेल तर त्यावर सही करू नका.

पायरी चौथी: हप्ते भरताना

रोख देऊ नका. द्यावेच लागले तर पावती घ्या, निदान एका वहीच्या पानावर, सहीसह. यूपीआय किंवा बँकेतून पाठवताना शेराच्या जागी काहीतरी लिहा: "हप्ता ३, डिसेंबर २०२३ चं कर्ज". माझ्या शेजाऱ्याचे पहिले दोन हप्ते कोऱ्या शेऱ्याने गेले होते, आणि समोरच्या वकिलाने नंतर नेमक्या त्याच दोन हप्त्यांकडे बोट दाखवलं: "ते पैसे वेगळ्या उसनवारीचे होते." पुढच्या चार हप्त्यांना "हप्ता ३", "हप्ता ४" असं लिहिलेलं होतं, म्हणून तो दावा लंगडा पडला. तीनच्या आधी दोन असतातच.

दर तीन महिन्यांनी एक मेसेज पाठवा: "आजपर्यंत इतके दिले, इतके राहिले, बरोबर?" नुसतं "हो" आलं तरी पुरे.

कधीकधी पूर्ण रकमेचा एकच चेक आधीच दिलेला असतो. मग काही रक्कम फेडल्यावर तो बदलून घ्या, उरलेल्या रकमेचा नवा द्या. किंवा कलम ५६ प्रमाणे चेकवरच भरलेल्या रकमेची नोंद करून घ्या. बहुतेक लोक हे करत नाहीत. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने जो निकाल दिला, तो याच नोंदीवर उभा आहे: चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली गेली, चेकवर तशी नोंद नाही, आणि तरी पूर्ण रकमेचा चेक टाकला, तर चेक टाकला त्या दिवशीचं कायदेशीर देणं चेकवरच्या रकमेएवढं नसतं, आणि कलम १३८ चा गुन्हा होत नाही. उरलेले पैसे मात्र द्यायचेच असतात. त्यासाठी तो दिवाणी दावा करू शकतो.

या निकालाची मर्यादाही ओळखा. समोरचा हुशार असेल तर कोऱ्या चेकवर नेमकी बाकीची रक्कम लिहील, आणि मग तुमच्याकडे हा बचाव उरत नाही. म्हणून हा निकाल पाठीशी आहे असं समजून कोरा चेक देऊ नका.

पायरी पाचवी: कर्ज फिटलं की

शेवटचा हप्ता भरला त्याच आठवड्यात चेक परत मागा. फोनवर नको, लेखी. परत आलेल्या चेकवर दोन रेघा मारून "रद्द" लिहा, फोटो काढा, मग फाडा. दाखल्यावर चेकचे नंबर हवेतच.

सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे "सापडत नाहीत, बघतो". त्याला महिनाभर मान देऊ नका. लेखी पत्र पाठवा: अमुक नंबरचे चेक हरवल्याचं तुम्ही सांगता, कर्ज पूर्ण फिटलंय, हे चेक वापरायची मुभा मी काढून घेत आहे. रजिस्टर एडीने. त्या पत्राची प्रत जोडून बँकेत त्या नंबरांचं स्टॉप पेमेंट करा.

इथे एक धोका आहे. स्टॉप पेमेंट केलं म्हणून कलम १३८ लागत नाही, असं नाही. सुप्रीम कोर्टाने ते अनेकदा सांगितलंय. देणं फेडलंय आणि स्टॉप पेमेंटचं खरं कारण आहे, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. म्हणून आधी पत्र, मग स्टॉप पेमेंट, आणि बँकेच्या अर्जात कारण पूर्ण वाक्यात लिहा. खातंच बंद करणं हा त्याहून वाईट मार्ग. "खाते बंद" असा मेमो आला तरी तक्रार होतेच, आणि पळून गेल्यासारखं दिसतं ते वेगळंच.

पन्नास हजार किंवा त्याहून मोठ्या चेकसाठी पॉझिटिव्ह पेची सोय जानेवारी २०२१ पासून आहे: तुम्ही चेकचा तपशील आधी बँकेला कळवायचा, जुळला तरच पैसे जातात. पाच लाख किंवा त्याहून मोठ्या चेकला काही बँका ती सक्तीची करतात. फसवून पैसे काढले जाण्यापासून ती वाचवते. चेक परत गेल्यावरच्या केसपासून मात्र ती वाचवेल असं गृहीत धरू नका.

आणखी एक बदल लक्षात ठेवा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत क्लिअर होतात. सकाळी टाकलेला चेक त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पास होतो किंवा परत जातो. पूर्वी चेक टाकल्याची खबर लागल्यावर खात्यात पैसे भरायला एक-दोन दिवस मिळायचे. ती सवड आता गेली. पत्रातली "सात दिवस आधी कळवावे" ही ओळ म्हणूनच गरजेची झाली आहे.

पायरी सहावी: नोटीस आली तर

पहिली गोष्ट, पाकीट घ्या. पोस्टमनला "नाही घेत" म्हटलं तरी योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस मिळाली असंच धरलं जातं. उलट त्यात काय लिहिलंय तेवढं तुम्हाला कळत नाही.

मग कॅलेंडर काढा. चेक परत गेल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने लेखी मागणी पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला १५ दिवस मिळतात. ते उलटल्यावर त्याला एका महिन्यात कोर्टात तक्रार करावी लागते. त्याचं खातं ज्या शाखेत आहे, त्या भागातल्या कोर्टात. म्हणजे त्याचं खातं मडगावच्या शाखेत असेल तर साखळीच्या माणसाला मडगावला जावं लागेल. माझ्या शेजाऱ्याला नोटीस २७ सप्टेंबरला मिळाली, म्हणजे १२ ऑक्टोबरपर्यंतची मुदत. पाकिटावर मिळाल्याची तारीख पेनने लिहून ठेवा, आणि पाकीट टाकू नका. शिक्क्यावरून ३० दिवसांची मोजणी करता येते.

तक्रार कोर्टात होते. पोलीस घरी येऊन उचलून नेतात असं नाही, वसुली एजंट काहीही सांगोत. पण समन्स आल्यावर हजर राहिलं नाही तर वॉरंट निघतं, आणि तेव्हा मात्र पोलीस येतात.

पंधरा दिवसांत दोन कामं. एक, खरी बाकी काढा आणि ती बँकेतून भरा. दोन, वकिलामार्फत उत्तर पाठवा, आकड्यांसह. "आमच्या अशिलास नोटीस मान्य नाही" असं मोघम उत्तर पुढे उपयोगी पडत नाही. कर्ज किती, चेक कधी आणि कशासाठी दिले, किती हप्ते कुठल्या तारखांना भरले, चेक टाकला त्या दिवशी बाकी किती होती, आणि उरलेला दुसरा कोरा चेक परत करावा: एवढं हवंच. केस उभी राहिल्यावर तुम्हाला संशयापलीकडचा पुरावा द्यावा लागत नाही. तुमचं म्हणणं जास्त संभवनीय वाटलं तरी पुरतं. पण ते म्हणणं पहिल्या उत्तरापासून एकच असावं लागतं. कोर्टात दोन वर्षांनी नवीनच गोष्ट निघाली तर कोणी विश्वास ठेवत नाही.

त्याच्या हिशेबाचं काय झालं

आम्ही डिचोलीला वकिलाकडे गेलो, बँकेचं स्टेटमेंट आणि फोनमधले स्क्रीनशॉट घेऊन. सहा हप्ते स्टेटमेंटमध्ये ठळक दिसत होते, १,४४,०००. अडकलं ते जुलैच्या रोख २४,००० वर. पावती नव्हती. तो म्हणत होता, बाजारात भेटून दिले. मी फोन मागितला आणि जुलैचे मेसेज वर सरकवत गेलो. एका रात्री ९ वाजून काही मिनिटांनी त्याने लिहिलं होतं, "पैसे मोजून घेतलात ना?" आणि खाली एकच शब्द होता: "मिळाले." आकडा नव्हता, कर्जाचं नाव नव्हतं. तरी जुलैच्या हप्त्याच्याच दिवसातला होता.

वकिलांनी उत्तरात तसंच लिहिलं. चेक टाकला तेव्हा १,६८,००० फेडलेले होते, चेकवर कुठलीही नोंद नव्हती, एकूण बाकी ७२,००० आणि त्यातही ऑक्टोबरचा हप्ता अजून देय नव्हता. त्याच दिवशी ७२,००० बँकेतून पाठवले, शेरा "हप्ता ८, ९, १० अखेरचे". पैसे जमवायला त्याच्या बहिणीने सोन्याची साखळी गहाण ठेवली. ती घेऊन तीच बँकेत आली होती आणि पूर्ण वेळ काही न बोलता बाकड्यावर बसली होती.

उत्तर ८ ऑक्टोबरला गेलं. पुढे तक्रार झाली नाही. दोन आठवड्यांनी समोरच्याच्या वकिलाचा फोन आला आणि कचेरीत बसून एका पानावर लिहून घेतलं: कर्ज पूर्ण फिटलं, कुठलीही मागणी उरली नाही, चेक क्रमांक अमुक मूळ प्रतीत परत दिला. सही करायच्या आधी मी मुलाला म्हटलं, "नंबर वाचून बघ, चेकबुकाशी जुळवून." शेवटचे तीन आकडे त्याने दोनदा मोठ्याने वाचले. मग आम्ही तिथेच त्या दुसऱ्या कोऱ्या चेकवर दोन रेघा मारल्या, त्याच्या फोनवर फोटो घेतला, आणि त्याने चेकबुकाच्या पहिल्या पानावर, दहा महिने उशिरा, ती नोंद लिहिली: कोणाला, कशासाठी, रद्द, तारीख.